आधी तक्रार, मग कॅम्पबाहेर पाय: सौदीत पासपोर्ट, खुरूज आणि कफील

दम्मामजवळच्या एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पात मी आठ वर्षं टाइमकीपर होतो. माझ्या खुर्चीमागे राखाडी लोखंडी कपाट होतं. त्यात पन्नास-पन्नासांचे गठ्ठे करून, रबर लावून पासपोर्ट ठेवलेले असत. कुणाला सुट्टीवर जायचं असलं की मी गठ्ठा सोडायचो, पासपोर्ट काढायचो आणि वहीत सही घ्यायचो. हे बेकायदा आहे हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर मला तो ऑफिसचा रिवाजच वाटत होता. पासपोर्ट देणाऱ्या माणसांनाही तसंच वाटायचं.

खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या बाजूला घरटी कुणी ना कुणी आखातात आहे. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आखातातल्या प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, म्हणून इथे फक्त सौदी अरेबिया, आणि त्यातही कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर गेलेला कामगार धरला आहे. कतारचे नियम इथे चालणार नाहीत. कुवेतचे तर मुळीच नाहीत, कारण तिथे १ जुलै २०२५ पासून खासगी कंपनीच्या परदेशी कामगाराला देश सोडायला मालकाची परवानगी उलट नव्याने लागू लागली आहे.

कफिलाच्या हातात नक्की काय असतं

कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा निघाला तो. तुमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्या नावाशी जोडलेला असतो. इकाम्याचं नूतनीकरण तो करतो, फी तो भरतो. पूर्वी नोकरी बदलायला आणि देशाबाहेर जायलाही त्याचीच मंजुरी लागायची. १४ मार्च २०२१ पासून हे बरंच बदललं. कामगार कायद्याखाली येणाऱ्या माणसाला आता सुट्टीचा एक्झिट री-एंट्री व्हिसा आणि कायमचा फायनल एक्झिट, ज्याला आपली माणसं खुरूज म्हणतात, स्वतःच्या मोबाइलवरून मागता येतो. मालकाला नुसता निरोप जातो. मालकाकडे एक वर्ष पूर्ण झालं की ठरलेली नोटीस देऊन दुसरीकडे बदलीही मागता येते.

मात्र ही सवलत सगळ्यांना नाही. घरकाम करणारे, घरचा ड्रायव्हर, माळी, शेतमजूर आणि मेंढपाळ यांना ती लागू नाही. त्यांचं बाहेर जाणं अजून मालकाच्या हातात आहे. म्हणून मुंबईहून निघण्याआधी व्हिसावरचा हुद्दा कुणाकडून तरी नीट वाचून घ्या. एजंट सांगतो, ‘व्हिसा हाउस ड्रायव्हरचा असला तरी काम कंपनीतच आहे, फरक पडत नाही.’ फरक पडतो. अशा माणसाचा कागदावरचा मालक एक आणि पगार देणारा दुसरा असतो. त्यामुळे २०२१ च्या सवलतीही त्याला मिळत नाहीत आणि पगार थकला तर दावा कुणावर करायचा हेही ठरत नाही. ‘आझाद व्हिसा’ म्हणून लाख-दीड लाख घेऊन जो विकला जातो, त्याची गत हीच.

पहिले तीन महिने

पुढे होणाऱ्या भांडणाचा निकाल बहुतेक वेळा या तीन महिन्यांतच लागलेला असतो. तेव्हा पगार वेळेवर येत असतो, साहेब गोड बोलत असतो, त्यामुळे कागदाकडे कुणी बघत नाही.

पहिली गोष्ट मोबाइलचं सिम. इकामा हातात आला की स्वतःच्या इकाम्यावर सिम घ्या आणि त्याच नंबरावर अबशिर उघडा. अबशिर ही सौदी सरकारची सेवा, पत्ता absher.sa. आमच्या कॅम्पात निम्म्याहून अधिक माणसांचं अबशिर मंदूबने, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या माणसाने, आपल्याच नंबरावर उघडून दिलेलं होतं. माणसं खूश, कारण किऑस्कपाशी रांग लावावी लागली नाही. पण खुरूज मागताना येणारा ओटीपी मंदूबच्या खिशात वाजतो. मग कायद्याने दिलेला हक्क हातात येत नाही. असं झालं असेल तर आजच नंबर बदलून घ्या, भांडणाची वाट बघू नका. आणि लॉगिनसाठी ‘नफाथ’ ॲपवर आकडा आला आणि तुम्ही स्वतः काही उघडलेलं नसेल, तर कुणीही सांगितलं तरी तो आकडा दाबू नका.

दुसरी गोष्ट कॉन्ट्रॅक्ट. तुमचं कॉन्ट्रॅक्ट कंपनी किवा या सरकारी पोर्टलवर, पत्ता qiwa.sa, चढवते आणि तुम्हाला मंजूर की नामंजूर असा मेसेज येतो. मंजूर करण्याआधी मुंबईत सही केलेल्या कॉन्ट्रॅक्टशी तीन ओळी ताडून बघा: मूळ पगार, जेवणाचा भत्ता आणि मुदत. तिथे १५०० ऐवजी १००० रियाल लिहिलेले असतील आणि ‘कागदावर असंच असतं’ असं कुणी सांगत असेल, तर पुढे कोर्ट तो कागदच बघणार आहे. सौदीत पाऊल ठेवल्यापासून तीन महिन्यांत कॉन्ट्रॅक्ट नोंदलंच नाही, तर मालकाला न विचारता बदली मागण्याचं ते एक कारण ठरतं. सलग तीन महिने पगार न मिळणं आणि इकाम्याची मुदत संपणं हीसुद्धा तशीच कारणं आहेत. यांत वर्ष पूर्ण होण्याची अट नाही.

पासपोर्ट

सौदी मंत्रिमंडळाने २००० सालीच ठराव केला की परदेशी कामगाराचा पासपोर्ट त्याच्याकडेच राहील. आपल्याकडचा १९६७ चा पासपोर्ट कायदा सांगतो की पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे तो अडकवून ठेवायचा हक्क कंपनीला कुठूनच मिळत नाही.

कंपनी तो मागते कधी? इकामा काढताना, नूतनीकरणाला, व्हिसाच्या कामाला. तेवढ्यापुरता द्यायला हरकत नाही. देण्याआधी पहिल्या-शेवटच्या पानाचा आणि व्हिसाच्या पानाचा फोटो काढून घरी पाठवा. दिल्याच्या दिवशीच एचआरला साधा मेसेज टाका: ‘आज अमुक तारखेला इकाम्यासाठी पासपोर्ट दिला, काम झाल्यावर परत द्यावा.’ पावती कुणी देत नाही, पण तारखेचा मेसेज पावतीचं काम करतो. ‘मी राजीखुशीने पासपोर्ट सांभाळायला देत आहे’ असा अरबी कागद पुढे आला तर सही करू नका. करावीच लागली, तर सहीखाली मराठीत ‘मागितल्यावर परत द्यावा’ असं लिहून तारीख घाला आणि फोटो घ्या.

परत मागायचाही लेखी, आणि कारण सांगून. ‘पासपोर्टची मुदत संपत आली आहे, नवा करायचा आहे’ हे कारण खरं असेल तेव्हा सगळ्यात सरळ जातं, त्यावर कुणी चिडत नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा मागूनही मिळाला नाही, तर ते दोन मेसेज घेऊन रियाधच्या दूतावासाकडे किंवा जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाकडे जा.

एक चूक मात्र फार जण करतात. पासपोर्ट कपाटात पडलेला असतो आणि माणूस ‘हरवला’ म्हणून खोटी तक्रार देऊन नवा काढायला जातो. खोटी तक्रार हा गुन्हा आहेच, शिवाय इकामा आणि एक्झिट व्हिसा जुन्या नंबराला जोडलेले राहतात. नवा नंबर जवाजातमध्ये, म्हणजे सौदीच्या पासपोर्ट खात्यात, चढवण्याला नकल मालुमात म्हणतात. तो चढेपर्यंत विमानतळावरून माणूस परत येतो. दूतावासाला खरं सांगा, ‘पासपोर्ट कंपनीकडे आहे, देत नाहीत.’ ते कंपनीला पत्र लिहितात. शेवटी इलाजच राहिला नाही तर भारतापुरतं एकेरी प्रवासपत्र देतात, ज्याला कॅम्पात आउटपास म्हणतात.

खुरूज अडतो तो कुठे

मोबाइलवर बटन असलं तरी ते दाबलं जाण्याआधी सरकारी यंत्रणा काही गोष्टी तपासते. इकामा चालू आहे का, दंड बाकी आहे का, तुमच्यावर खटला आहे का आणि हुरूब, म्हणजे पळाल्याची नोंद, लागलेला आहे का. यातलं इकाम्याचं दुखणं सगळ्यात मोठं. नूतनीकरण मालकाच्या हातात, आणि मुदत संपली की तुमच्या मोबाइलवरून खुरूज निघत नाही. इतकंच काय, बँकसुद्धा खातं गोठवते. परवानगीचा कायदा बदलला तरी मालकाची पकड उरते ती या मुदतीतून. म्हणून इकाम्याची शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि दोन महिने आधीपासून एचआरला लेखी विचारत राहा. नूतनीकरणाचा खर्च आणि उशिराचा दंड कामगार कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मालकाने भरायचा असतो. तो पगारातून कापणं चुकीचं आहे.

खुरूज लागला की साठ दिवसांत देश सोडावा लागतो, नाहीतर दंड. म्हणून पैसे हातात येण्याआधी खुरूज लावून घेऊ नका. अनेक कंपन्या याच घाईचा फायदा घेतात. तिकीट उद्याचं, आज रात्री ऑफिसात बोलावून मुखालसा पुढे करतात. मुखालसा म्हणजे ‘माझा सर्व हिशेब मिळाला, काही बाकी नाही’ असा कागद. त्यावर अंगठा उठला की पुढचा दावा जवळजवळ संपला. त्या रात्री घराची ओढ इतकी असते की सही करणाऱ्याला मी कधीच दोष दिला नाही. पण हा प्रसंग येणार हे आधीपासून माहीत असलं, तर माणूस थोडा थांबू शकतो.

हुरूब

मालकाने पोर्टलवर ‘हा माणूस कामावरून पळाला’ असं नोंदवलं की हुरूब लागला. २०२२ पासून आधी ‘कामावर गैरहजर’ अशी नोंद होते आणि साठ दिवस मिळतात. त्या मुदतीत दुसऱ्या मालकाकडे बदली किंवा खुरूज करायचा. मुदत उलटली की माणूस पकडला गेल्यावर तरहीलमध्ये, म्हणजे हद्दपारीच्या केंद्रात जातो. थकलेला पगार मागायची ताकद तिथून राहत नाही.

पगार थकला, माणूस चिडला, ओळखीच्याकडे जुबैलला निघून गेला आणि महिन्याभराने तक्रार करायला गेला, तर मालकाचा हुरूब आधी नोंदलेला असतो. तोच माणूस कॅम्पातच राहून, हजेरी लावत आधी तक्रार नोंदवतो तेव्हा चित्र उलटं होतं. मालकाने नंतर लावलेला हुरूब सूडाचा दिसतो आणि तक्रारीची तारीख तो खोटा पाडायला कामी येते. जिवाला धोका असेल, मारहाण होत असेल, तर अर्थातच आधी बाहेर पडा आणि थेट पोलीस किंवा दूतावास गाठा. पण त्याच दिवशी लेखी कळवा, कारण वेळ जाईल तितकी तुमची बाजू लंगडी होते.

तक्रार: एका सुताराची गोष्ट

आमच्याच कंपनीच्या शेजारच्या कॅम्पात संगमेश्वर बाजूचा एक शटरिंगचा सुतार होता. मूळ पगार १५००, जेवण ३००, मिळून १८०० रियाल. नोकरीला तीन वर्षं चार महिने झालेली, चार महिन्यांचा पगार थकलेला, सोळा महिन्यांची रजा बाकी आणि इकामा संपून तीन आठवडे झालेले. त्याला घरी यायचं होतं आणि तो राजीनामा लिहायला निघाला होता.

मी त्याला आधी हिशेब मांडायला बसवलं. पगाराचे ७२०० रियाल. रजा वर्षाला २१ दिवस, म्हणजे सोळा महिन्यांची २८ दिवस, दिवसाला ६० रियालप्रमाणे १६८०. नोकरी संपल्यावरची ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्धा पगार, म्हणजे ९०० गुणिले ३ वर्षं ४ महिने, ३००० रियाल. पण दोन ते पाच वर्षांच्या नोकरीत स्वतः राजीनामा दिला तर याचा एक तृतीयांशच मिळतो, म्हणजे १०००. मालकाने कराराची मूळ बाजूच पाळली नाही म्हणून काम सोडलं, तर ते कलम ८१ खाली येतं आणि हक्क पूर्ण राहतात. ‘राजीनामा’ या एका शब्दाने त्याचे २००० रियाल जाणार होते. राजीनामा त्याने लिहिला नाही. एकूण मागणी झाली ११,८८० रियाल आणि परतीचं तिकीट.

मग पुरावे. बँकेचं स्टेटमेंट, ज्यात पगार कधी थांबला ते दिसतं. किवावरच्या कॉन्ट्रॅक्टची प्रत. हजेरीच्या कागदांचे फोटो. फोरमनचे ‘उद्या साडेपाचला बस’ असले मेसेज, कारण तो कामावर होता हे त्यातूनच ठरतं. सगळं एकदा घरच्या माणसाच्या मोबाइलवर पाठवलं, म्हणजे इथला फोन काढून घेतला तरी ते सुरक्षित.

तक्रार त्याने मनुष्यबळ मंत्रालयाच्या सलोखा विभागात ऑनलाइन टाकली. अबशिर स्वतःच्या नंबरावर होतं म्हणून हे जमलं. ज्यांना जमत नाही त्यांनी मंत्रालयाचा १९९११ हा नंबर लावावा किंवा मक्तब अमलमध्ये, म्हणजे कामगार कार्यालयात जावं. फी नाही. सलोख्याला २१ दिवस असतात, त्यात तोडगा निघाला नाही तर प्रकरण कामगार कोर्टात जातं. नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांत दावा केला नाही तर तो ऐकला जात नाही. त्याच दिवशी madad.gov.in या भारत सरकारच्या तक्रार पोर्टलवर भावाने रत्नागिरीतून तक्रार नोंदवली. १८०० ११ ३०९० या टोल-फ्री नंबरवरही भारतातून घरच्यांना विचारता येतं. एजंटचा परवाना क्रमांक हाताशी असला तर emigrate.gov.in वर एजंटविरुद्धही तक्रार जाते. परवान्याचा धोका दिसला की एजंट कंपनीला फोन करतो, हे मी दोन-तीनदा पाहिलं आहे.

दोन गोष्टी त्याला बजावून सांगितल्या. खोलीतले सोळा जण मिळून काम बंद ठेवू म्हणत होते. सौदीत संपाला आणि मोर्चाला बंदी आहे, पुढे होणारा थेट तरहीलला जातो. सोळा जणांनी सोळा वेगळ्या तक्रारी टाकल्या तर त्याला संप म्हणता येत नाही, आणि कंपनीवर दाब तितकाच येतो. दुसरी गोष्ट व्हिडिओची. मालकाचं नाव घेऊन रडतानाचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला की तो चार तासांत मालकापर्यंत पोहोचतो, आणि तिथला सायबर गुन्ह्यांचा कायदा बदनामीला कडक आहे. पगाराचा दावेदार मग आरोपी होतो. व्हिडिओ करायचाच तर खोलीचा, जेवणाचा, बंद पाण्याचा करा आणि फक्त दूतावासाला द्या.

पहिल्या बैठकीत कंपनीचा माणूस ७२०० द्यायला तयार झाला, ‘आणि आजच खुरूज लावतो’ म्हणाला. सुतार नाही म्हणाला. दुसऱ्या बैठकीत १०,२०० वर आले, म्हणजे पगार आणि पूर्ण ग्रॅच्युइटी. रजेचे १६८० त्याने सोडले. मला ते पटलं, कारण कोर्टात आणखी कित्येक महिने संपलेल्या इकाम्यावर काढणं त्याला झेपलं नसतं. पण क्रम त्याने सोडला नाही आणि तो सलोख्याच्या कागदातच लिहून घेतला: आधी तीन महिन्यांचा इकामा, म्हणजे गोठलेलं खातं उघडेल, मग त्याच्याच खात्यात पैसे, मग खुरूज, मग तिकीट आणि पासपोर्ट. सलोख्याचा असा कागद कोर्टाच्या अंमलबजावणी विभागातही चालतो, कंपनीने पुन्हा शब्द फिरवला तर.

कोर्ट होईपर्यंत थांबणं कुणाला शक्यच नसेल तर जाण्याआधी वकाला, म्हणजे मुखत्यारपत्र, तिथल्या विश्वासाच्या माणसाच्या नावे करा. ते नाजिझ पोर्टलवर होतं. ते न करता विमानात बसलेल्यांचे दावे मी निकाली निघताना पाहिले नाहीत. कंपनीच बुडाली असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून एक विमा आहे. ८० टक्के कामगारांचे सहा महिन्यांचे पगार थकले असतील, तर माणशी १७,५०० रियालपर्यंत आणि तिकिटासाठी १००० रियालपर्यंत मिळू शकतात. हुरूब लागलेल्याला मात्र तो मिळत नाही.

सुताराला पैसे आल्याचा बँकेचा मेसेज एका गुरुवारी दुपारी आला. तो मेसेज त्याने मला दाखवला, बाहेर जाऊन एटीएमवर शिल्लक बघून आला, आणि मग मंदूबच्या टेबलावरच्या मुखालशावर सही केली. वहीत पासपोर्टची नोंद खोडताना त्याने माझ्या हातून पेन घेतलं आणि तारीख स्वतः घातली.